पिन बरोबर, तरी पुस्तक नाही: ऑथेंटिकेशन आणि ऑथरायझेशनमधला फरक

ग्रंथालयातल्या स्वयंसेवा यंत्रासमोर एक सभासद उभा आहे. त्याने कार्ड स्कॅन केलं, चार आकडी पिन टाकला आणि पुस्तक यंत्राच्या फळीवर ठेवलं. पडद्यावर आलं, 'व्यवहार नाकारला.' पिन चुकला असेल म्हणून त्याने तो पुन्हा टाकला. तरी तेच. मग मोबाइलवर ओटीपी मागवून पिन बदलला, नवा पिन टाकला, आणि पुन्हा तेच. मागे रांग वाढत चालली.

पिन पहिल्यापासून बरोबर होता. मागे नेलेलं एक पुस्तक घरी पडून आहे, त्याची मुदत उलटली आहे, म्हणून नवं मिळत नाही, इतकंच. यंत्राने आतमध्ये दोन वेगळे प्रश्न सोडवले होते: समोरचा माणूस खरंच सभासद क्रमांक 1042 आहे का, आणि 1042 ला आत्ता हे पुस्तक नेता येतं का. पहिल्याचं उत्तर 'हो' होतं, दुसऱ्याचं 'नाही'. पडद्यावर मात्र दोन्हींचा मिळून एकच नकार उमटला, आणि सभासद ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच 'हो' होतं तोच सोडवत बसला.

पहिला प्रश्न म्हणजे ऑथेंटिकेशन, ओळख पटवणं. दुसरा ऑथरायझेशन, परवानगी आहे का ते ठरवणं. दोन्ही शब्द इंग्रजीत 'ऑथ'ने सुरू होतात, म्हणून प्रोग्रामर मंडळी त्यांना 'ऑथ-एन' आणि 'ऑथ-झेड' म्हणतात. घोटाळा शब्दांचा असता तर एवढ्यावर मिटला असता. पण बऱ्याच प्रणालींमध्ये ही दोन कामं प्रत्यक्षातच एकमेकांत कालवलेली असतात, आणि ती कुठे कालवली आहेत हे ओळखायला ग्रंथालयाइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

कागदाच्या तिकिटाचा काळ

संगणक येण्याआधी अनेक ग्रंथालयांत देवघेवीसाठी ब्राउन पद्धत होती. निना ब्राउन या अमेरिकन ग्रंथपाल बाईंच्या नावाने ती ओळखली जाते. सभासदाला जितकी पुस्तकं नेण्याचा हक्क, तितकी जाड कागदाची छोटी तिकिटं त्याला मिळत. तिकीट म्हणजे खिसाच असे. पुस्तक नेताना पुस्तकातलं कार्ड काढून त्या खिशात सरकवायचं आणि ती जोडी परतीच्या तारखेप्रमाणे ट्रेमध्ये लावायची. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात जाई आणि तिकीट सभासदाच्या हातात.

इथे किती पुस्तकं बाहेर आहेत हे कुणी मोजत नाही. हातात तिकीट उरलं नाही म्हणजे हक्क संपला. तिकीट हीच परवानगी. पण तिकीट हातात असलेला माणूस कोण, हे तिकीट सांगत नाही. त्यावर नाव असे, पण नाव वाचणं म्हणजे ओळख पटवणं नव्हे. लहान गावात ग्रंथपाल चेहऱ्याने सगळ्यांना ओळखत असल्यामुळे ते काम आपोआप होई. शहरातल्या गर्दीच्या काउंटरवर हरवलेलं तिकीट ज्याला सापडलं तो पुस्तक घेऊन जाऊ शकत असे, आणि वसुलीची चिठ्ठी मूळ सभासदाच्या घरी. परवानगीची व्यवस्था चोख, ओळखीची जवळजवळ नाही, असा हा प्रकार.

बारकोडचं कार्ड आलं तेव्हा पारडं दुसरीकडे झुकलं. कार्डावर फक्त सभासद क्रमांक उरला. किती पुस्तकं, कोणती, किती दिवस, हे सगळं संगणकाच्या नियमांत गेलं. आता कार्ड परवानगी देत नाही, फक्त दावा करतं: 'मी 1042.' तो दावा खरा आहे हे पिन सांगतो. एक गोष्ट इथे पक्की लक्षात ठेवावी. सभासद क्रमांक हे गुपित नाही. तो पावतीवर छापलेला असतो, कार्डावर उघडा असतो, आणि बहुतेक ठिकाणी ओळीने वाढत जातो. फक्त क्रमांक टाकला की आत घेणारी प्रणाली ओळख पटवतच नाही, विचारपूस करते. पिन म्हणून सगळ्यांना जन्मतारीख किंवा मोबाइलचे शेवटचे चार आकडे देऊन ठेवणं हे त्याहून फारसं बरं नाही, कारण दोन्ही गोष्टी सभासदत्वाच्या अर्जावर लिहिलेल्या असतात आणि तो अर्ज फाइलमध्ये कुणीही चाळू शकतं.

यंत्र सर्व्हरला काय विचारतं

स्वयंसेवा यंत्र आणि ग्रंथालयाचा सर्व्हर यांच्यातलं बोलणं बऱ्याच ठिकाणी SIP2 नावाच्या प्रोटोकॉलवर चालतं. तो 3M कंपनीने बनवला. दिसायला जुनाट आहे, पण या एका बाबतीत कितीतरी नव्या वेबसाइटींपेक्षा तो स्पष्ट आहे. यंत्र कार्डक्रमांक आणि पिन पाठवतं. मुदत उलटलेल्या आपल्या सभासदासाठी सर्व्हरकडून येणारं उत्तर साधारण असं असतं:

```
24YY    Y       00120250610    113000AOMAIN|AA1042|AEKULKARNI A|BLY|CQY|
```

उजवीकडून वाचूया. `CQY` म्हणजे पिन बरोबर. `BLY` म्हणजे या क्रमांकाचा सभासद खरोखर आहे. ओळखीचं काम इथे संपलं, दोन्हींना 'हो'.

परवानगीचं उत्तर अगदी सुरुवातीला आहे. `24` हा संदेशाचा प्रकार. त्यापुढच्या बरोबर 14 जागा सभासदाच्या स्थितीच्या. प्रत्येक जागा एका अडथळ्याची: मोकळी असेल तर अडथळा नाही, `Y` असेल तर आहे. पहिली जागा 'पुस्तक देऊ नये', दुसरी 'मुदत वाढवू नये', चौथी 'आरक्षण करू देऊ नये', पाचवी 'कार्ड हरवल्याची नोंद आहे', सहावी 'मर्यादेइतकी पुस्तकं आधीच बाहेर', सातवी 'मुदत उलटलेली पुस्तकं जास्त', अकरावी 'दंडाची थकबाकी जास्त'. वरच्या उत्तरात पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या जागेवर `Y` आहे. म्हणजे पुस्तक मिळणार नाही, मुदत वाढणार नाही, आणि कारण मुदत उलटलेलं पुस्तक. चौथी जागा मोकळी आहे, म्हणजे आरक्षण अजूनही करता येईल.

इतकी नेमकी माहिती हातात असताना पडद्यावर 'व्यवहार नाकारला' येतं, हा दोष यंत्राचा पडदा बसवणाऱ्याचा. `CQN` आलं तर 'पिन चुकला' म्हणावं. `CQY` आणि सातव्या जागेवर `Y` आलं तर 'मुदत उलटलेलं पुस्तक आधी परत करा' म्हणावं. मागच्या रांगेला ऐकू जाऊ नये म्हणून हे मोठ्याने बोलू मात्र नये. काही यंत्रं बोलतात.

एक खबरदारी. SIP2 मधला मजकूर मुळात उघडा जातो, पिनसकट. म्हणून यंत्र आणि सर्व्हर यांच्यामधली जोडणी वेगळ्या सुरक्षित बोगद्यातून न्यावी लागते. नाहीतर त्याच नेटवर्कवर बसलेल्या माणसाला प्रत्येक सभासदाचा पिन वाचता येतो, आणि मग परवानगीचे नियम कितीही चोख असले तरी ते चुकीच्या माणसाला लागू होतात.

परवानगी फक्त माणसावर ठरत नाही

ओळख एका माणसाची असते. परवानगी ठरवायला किमान तीन गोष्टी लागतात: माणूस, वस्तू आणि कृती. काउंटरवर उभा राहून विचार केला की हे लगेच पटतं. समजा 1042 हे साधारण सभासद आहेत, दोन पुस्तकांची मर्यादा, एक पुस्तक बाहेर आणि त्याची मुदत नऊ दिवसांपूर्वी संपलेली. त्यांना नवी कादंबरी घरी नेता येईल? नाही, स्थिती आड येते. शब्दकोशाचा खंड नेता येईल? तोही नाही, पण वेगळ्या कारणाने: तो संदर्भ विभागाचा आहे, थकबाकी नसती तरी मिळाला नसता, आजीव सभासदालाही मिळत नाही. तोच खंड वाचनकक्षात बसून बघता येईल? हो. स्वतःची देवघेव बघता येईल? हो. दुसऱ्याची? नाही. दंड भरता येईल?

हा शेवटचा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण चूक इथेच होते. थकबाकीदाराला किंवा वर्गणी संपलेल्या सभासदाला 'निष्क्रिय' करायचं म्हणून काही प्रणाली त्याचं लॉगिनच बंद करतात. मग त्याला ऑनलाइन दंड भरता येत नाही, वर्गणी नूतनीकरण करता येत नाही, आपल्याकडे कोणतं पुस्तक राहिलंय तेही कळत नाही. तो फोन करतो, आणि जे काम त्याने घरबसल्या केलं असतं ते कर्मचाऱ्याच्या डोक्यावर येतं. वर्गणी संपली म्हणून माणूस बदलत नाही. त्याची ओळख पटतच राहिली पाहिजे, कमी व्हायची ती परवानगी. लॉगिन पूर्ण बंद करायची वेळ एकाच कारणाने येते: कार्ड किंवा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती गेल्याचा संशय. तेव्हा प्रश्न खरोखर ओळखीचा असतो.

उलट्या दिशेची चूक घराघरांत होते. आजोबांना जिना चढवत नाही, म्हणून नातू त्यांचं कार्ड घेऊन येतो आणि पिनही सांगतो. काउंटरवर सगळे समजून घेतात, त्यात वावगं काही नाही. पण प्रणालीच्या दृष्टीने नातू आजोबा झाला. आता तो पुस्तकंच नेईल असं नाही. पत्ता बदलू शकतो, मोबाइल क्रमांक बदलू शकतो, अनामत परत मागण्याचा अर्ज करू शकतो. गरज होती ती एका कृतीच्या परवानगीची, आणि दिली गेली अख्खी ओळख. बरा मार्ग असा: नातवाचं स्वतःचं खातं असावं, आणि आजोबांच्या खात्यावर 'या सभासदाला माझी पुस्तकं नेता-आणता येतील' अशी नोंद. आजोबांनी ती नोंद काढली की परवानगी संपली. पिन बदलायची गरज नाही.

आकडा बदलून बघा

आता वेबसाइटकडे. सभासद लॉगिन करतो, 'माझी देवघेव' उघडतो, एका नोंदीवर क्लिक करतो आणि पत्ता दिसतो `/loans/5817`. त्याने कुतूहलाने शेवटचा आकडा 5818 केला. दुसऱ्या कुणाचं तरी नाव, पुस्तक आणि तारीख समोर. कोण काय वाचतंय ही खाजगी गोष्ट आहे. एखाद्याने आजारावरचं, घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक नेलेलं शेजाऱ्याला कळावं अशी कुणाचीच इच्छा नसते.

या भोकाचा कोड बघितला तर तो निष्काळजी वाटत नाही, हीच त्याची अडचण:

```python
@app.get("/loans/<int:loan_id>")
@login_required
def show_loan(loan_id):
    loan = Loan.query.get_or_404(loan_id)
    return render_template("loan.html", loan=loan)
```

`login_required` आहे. लॉगिन न केलेला माणूस आत येऊ शकत नाही. लिहिणाऱ्याला वाटलं, सुरक्षा झाली. पण त्या ओळीने विचारलं फक्त 'तू कोणीतरी आहेस ना?' ही नोंद तुझी आहे का, हे कुणीच विचारलं नाही. दुरुस्ती दोन ओळींची आहे, नोंद आणल्यावर आणि दाखवण्याआधी:

```python
    if loan.member_id != current_user.id:
        abort(404)
```

कर्मचाऱ्याला सगळ्यांच्या नोंदी बघाव्या लागतात, त्याच्यासाठी वेगळा पत्ता आणि वेगळी तपासणी ठेवावी. याच फंक्शनमध्ये 'किंवा कर्मचारी असेल तर' जोडत गेलं की सहा महिन्यांनी ती अट कुणालाच नीट वाचता येत नाही. ही चूक दुर्मीळ नाही. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या OWASP या संस्थेच्या 2021 च्या यादीत परवानगीच्या तपासणीतल्या चुका पहिल्या क्रमांकावर होत्या. 2017 च्या यादीत त्या पाचव्या होत्या.

तपासायला खास साधन लागत नाही. दोन चाचणी सभासद बनवा. पहिल्याच्या खात्यावर एक पुस्तक टाका आणि त्याच्या नोंदीचा पत्ता कॉपी करा. वेगळ्या ब्राउझरमध्ये दुसरा सभासद म्हणून लॉगिन करून तो पत्ता उघडा. नोंद दिसली तर ऑथरायझेशन नाही. मग लॉगिन न करता उघडा. आता दिसली तर ऑथेंटिकेशनही नाही. एवढ्यावर थांबू नका. बघण्याचं पान बंद असतं आणि 'मुदत वाढवा' ही विनंती मात्र सर्व्हर कुणाकडूनही स्वीकारतो, असं पुष्कळदा आढळतं, कारण पडद्यावरचं बटण लपवलं म्हणजे काम झालं असा समज असतो. लपवलेलं बटण ही सोय आहे. नकार सर्व्हरनेच द्यायचा.

या चाचणीत सर्व्हर जे आकडे परत देतो तेही वाचायला शिकावं. 401 म्हणजे 'तू कोण ते आधी सांग'. 403 म्हणजे 'तू कोण ते कळलं, पण हे तुला मिळणार नाही'. गंमत अशी की 401 चं अधिकृत नावच `Unauthorized` आहे, अर्थ मात्र ओळख न पटल्याचा. जुनं नाव आहे, आता बदलता येत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या नवशिके त्यात अडकतात. वरच्या कोडमध्ये 403 ऐवजी 404 दिला आहे, तोही मुद्दाम. 403 दिला तर 5818 क्रमांकाची नोंद अस्तित्वात आहे एवढं तरी कळतं. 404 'असं काही नाहीच' म्हणतो. परवानगीमुळे आलेल्या नकारावर 401 देणं मात्र टाळावं. वेबसाइट बहुधा पुन्हा लॉगिनच्या पानावर पाठवते, माणूस लॉगिन करतो, पुन्हा नकार, पुन्हा लॉगिन. सुरुवातीच्या यंत्रासमोरचा सभासद तोच, फक्त आता घरी बसलेला.

ओळख सकाळची, परवानगी आत्ताची

लॉगिन सकाळी एकदा होतं आणि दिवसभर टिकतं. परवानगी तशी टिकवता येत नाही, कारण मधल्या वेळेत परिस्थिती बदलते. वेग वाढावा म्हणून काही प्रणाली लॉगिनच्या वेळीच भूमिका टोकनमध्ये, म्हणजे लॉगिननंतर मिळणाऱ्या डिजिटल पासमध्ये, लिहून ठेवतात:

```json
{"sub": "staff-07", "role": "librarian", "exp": 1749558600}
```

`sub` म्हणजे कोण, `exp` म्हणजे कधीपर्यंत. धोका मधल्या `role` मध्ये आहे. समजा टोकन आठ तासांचं आहे. सकाळी दहाला लॉगिन केलेल्या सहायकाची दुपारी एक वाजता दुसऱ्या विभागात बदली झाली, प्रशासकाने डेटाबेसमधली भूमिका लगेच बदलली. टोकनला ते माहीत नाही. संध्याकाळी सहापर्यंत ते 'ग्रंथपाल' म्हणतच राहील आणि सर्व्हर मानत राहील. यावर उपाय एकच बरा वाटतो: टोकनमध्ये फक्त ओळख ठेवायची आणि दंडमाफीसारख्या कृतीच्या वेळी भूमिका डेटाबेसमधून ताजी वाचायची. ग्रंथालयाच्या रहदारीला एक जादा क्वेरी जड जात नाही. टोकनमध्ये भूमिका ठेवायचीच असेल तर त्याचं आयुष्य दहा-पंधरा मिनिटांवर आणावं.

आणि काउंटरचं सामायिक लॉगिन. चार कर्मचारी, एक `counter1`, पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. पाळी बदलताना लॉगआउट-लॉगिन करायचा वेळ वाचतो हे खरं. पण वर्षअखेरीस हिशेब तपासताना एका सभासदाचा 240 रुपयांचा दंड माफ केलेला दिसतो आणि नोंदीत नाव `counter1`. माफी देण्याचा अधिकार चौघांपैकी एकालाच होता, नियमही लिहिलेला होता, पण प्रणालीला चौघे वेगळे दिसतच नव्हते. ओळख गढूळ असली की परवानगीचा नियम कागदावरच राहतो.

कोहा या मुक्त ग्रंथालय प्रणालीत हे नीट सोडवता येतं. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचं खातं द्यावं. कर्मचाऱ्यांच्या बाजूला आत येण्यासाठी `catalogue`, देवघेवीसाठी `circulate`, आणि दंडाच्या व्यवहारांसाठी `updatecharges` ही परवानगी. तिच्या पोटात `writeoff` ही माफीची वेगळी परवानगी आहे, ती फक्त ज्याला अधिकार आहे त्यालाच. काम अडू नये म्हणून सगळ्यांना `superlibrarian` देऊन टाकण्याचा मोह होतो. त्या एका खुणेने वरच्या सगळ्या परवानग्या एकदम मिळतात, त्यामुळे ती एक-दोन माणसांपुरतीच ठेवावी आणि त्यांनीही रोजच्या देवघेवीसाठी साधं खातं वापरावं. पाळी बदलताना लॉगिनला लागणारा वेळ खटकत असेल तर कर्मचाऱ्यांच्या खात्यांचे पासवर्ड सोपे करू नयेत. सत्र किती मिनिटं निष्क्रिय राहिल्यावर संपावं ती मुदत बघावी, आणि शक्य असेल तिथे काउंटरवर दोन संगणक ठेवावेत.